बरोबरीचा दर

चाळिशी उलटली, चष्मा लागला, गुडघे बोलायला लागले, तरी तिला सगळे धाकटीच म्हणत. घरात धाकटी, कारखान्यात धाकट्या बाई. वडिलांना दोनच मुलं, थोरला दादा आणि ही. कॅनव्हासच्या पिशव्या शिवायचा कारखाना वडिलांनी दोघांच्या नावे अर्धा-अर्धा करून ठेवला आणि जाताना एकच नियम घालून गेले. परदेशातल्या प्रत्येक ऑर्डरवर दोघांची सही हवी. एकाची सही म्हणजे नुसतं मत, दोघांची झाली की ऑर्डर. सतरा वर्षं हा नियम पाळला गेला. दादा गिऱ्हाइकं बघायचा, धाकटी हिशेब. दादा गोड बोलायचा, धाकटी खरं बोलायची. बावीस बाया मशीनवर आणि कापायला मास्तर, एवढं सगळं त्या दोन सह्यांवर चालत होतं.

त्या वर्षी हंगाम कोरडा गेला होता. दोन जुनी गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली. मशीनवरच्या बाया अर्ध्या दिवसाला घरी जायच्या आणि जाताना काही विचारायच्या नाहीत, हेच जास्त लागायचं. अशात एजंट आला, वीस हजार पिशव्यांची ऑर्डर घेऊन. याला बाया 'अत्तर' म्हणायच्या, कारण माणूस जिना चढायच्या आधी वास वर यायचा. परदेशातल्या मोठ्या कंपनीसाठी तो माल बघायचा आणि आपले पाच टक्के मात्र कारखान्याकडूनच कापून घ्यायचा. पिशवी नवीन होती, गोल बुडाची. किंमत चार डॉलर वीस सेंट, म्हणजे एकूण चौऱ्याऐंशी हजार डॉलर. एजंटचे पाच टक्के गेले की हातात एकोणऐंशी हजार आठशे.

आता गंमत अशी की खर्च सगळा आपल्या रुपयात आणि येणार डॉलर. तेही माल पोहोचल्यावर, तीन महिन्यांनी. तेव्हा बँक डॉलरला काय दर देईल ते कोणी छातीठोक सांगेल का? सांगत असेल तर तो खोटं बोलतो. म्हणून धाकटी प्रत्येक ऑर्डरला एक तक्ता करायची. आधी बरोबरीचा दर काढायचा: एकूण खर्च भागिले हातात येणारे डॉलर. त्या दराला ना नफा ना तोटा. मग दर एका रुपयाने खाली गेला तर काय, एका रुपयाने वर गेला तर काय, असं एकेक पायरी लिहून काढायचं. दादा तो तक्ता बघायचा आणि म्हणायचा, 'तू घाबरवतेस बाई.' पण बघायचा.

गुरुवारी दुपारी तिने पहिला तक्ता केला. कापड, शिलाई, पट्टे-बकल, पॅकिंग, गोदीपर्यंतची वाहतूक, वीज-भाडं, बँकेचं व्याज, सगळं धरून खर्च आला चौसष्ट लाख पंच्याण्णव हजार. बरोबरीचा दर एक्क्याऐंशी रुपये एकोणचाळीस पैसे. बाजारात दर होता शहाऐंशी. शहाऐंशीला नफा तीन लाख सदुसष्ट हजार आठशे. धाकटीला बरं वाटलं. खूप दिवसांनी बरं वाटलं. तिने एकच प्रत छापली आणि दादाच्या हातात दिली. तो निघायच्या गडबडीत होता, बकलवाल्याकडे बाहेरगावी जायचं होतं, दोन दिवस येणार नव्हता. त्याने कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवला.

शुक्रवारी सकाळी मास्तर नमुन्याची पिशवी घेऊन तिच्या टेबलापाशी आले. मास्तर वडिलांच्या वेळचे, बोलायचे कमी आणि बोलले तर खोचून.

"धाकट्या बाई, कापड किती धरलंत?"

"नेहमीसारखंच. पिशवीला पाऊण मीटर, वर चार टक्के वाया."

मास्तरांनी टेबलावर खडूने चौकोन काढला, त्यात एकाला लागून एक अशी वर्तुळं काढली आणि मधल्या मोकळ्या जागांवर बोट ठेवत गेले. "हे काय करायचं? याची काय टोपी शिवायची का? चौकोनी बुडाला चार टक्के. गोल बुडाला चौदा."

धाकटीने कपाळावर हात मारला. सतरा वर्षं चौकोनी पिशव्या शिवल्या, चार टक्के तिच्या बोटांत बसले होते. बोटांनी आपणहून चार लिहिलं. पंधरा हजार मीटर कापडावर दहा टक्के म्हणजे दीड हजार मीटर, एकशे ऐंशी रुपये मीटरने दोन लाख सत्तर हजार. तेवढ्याने नफ्यातला बहुतेक सगळा पैसा गेला. तिने नवा तक्ता केला. खर्च सदुसष्ट लाख पासष्ट हजार, बरोबरीचा दर चौऱ्याऐंशी रुपये सत्त्याहत्तर पैसे. आणि खाली:

८३ रुपये: तोटा १,४१,६००
८४ रुपये: तोटा ६१,८००
८५ रुपये: नफा १८,०००
८६ रुपये: नफा ९७,८००
८७ रुपये: नफा १,७७,६००
८८ रुपये: नफा २,५७,४००

एका रुपयाला एकोणऐंशी हजार आठशेचा फरक. शहाऐंशीला अठ्ठ्याण्णव हजारही पुरते नाहीत. पण नफा तो नफा. बायांना तीन महिने काम मिळेल आणि पुढच्या हंगामाला कारखाना उभा असेल, एवढंच तिला हवं होतं. जुना तक्ता तिने संगणकातून काढून टाकला. दादाला फोन लावला तर तो बंद. शनिवारी लावला तर म्हणाला, "गाडीत आहे गं, सोमवारी बोलू." सोमवारी बोलू तर सोमवारी. गुरुवारचा कागद कुठे पळून जातोय, असं तिला वाटलं.

सोमवारी दादा आला तो एकटा नाही आला. बरोबर एजंट. जिन्यावरून आधी वास आला, मग हसणं आलं, मग दोघं आले.

चहा झाला. एजंटने बॅगेतून ऑर्डरचा कागद काढला, छापलेला, तयार. किमतीच्या जागी चार डॉलर पाच सेंट. खाली दादाची सही होती. ओली नव्हती, आदल्या दिवशीची असावी.

"आपलं चार वीस ठरलं होतं," धाकटी म्हणाली.

"ठरलं होतं हो. पण कंपनीचा आग्रह आहे. आणि तुमचं काही बिघडत नाही, ताई." एजंट खुर्चीत मागे टेकला. "चार वीसला शहाऐंशीच्या दराने तुम्हाला तीन सदुसष्ट सुटत होते. चार-पाचला एक लाख बावीस हजार सुटतात. बरोबरीचा दर एक्क्याऐंशी एकोणचाळीसवरून चौऱ्याऐंशी एक्केचाळीसवर जातो, बस. अजून दीड रुपयाची जागा आहे. एवढ्या मोठ्या कंपनीचं नाव लागतंय तुमच्या पिशवीला, थोडं तुम्ही खा, थोडं आम्हाला खाऊ द्या."

धाकटी कपातल्या चहाकडे बघत राहिली. तीन सदुसष्ट. एक्क्याऐंशी एकोणचाळीस. हे आकडे जगात एकाच कागदावर होते. ते चुकीचे होते, म्हणून तर ओळखू आले. बरोबर असते तर कुणीही हुशार माणूस अंदाज बांधू शकला असता, बाजारात कापडाचा भाव सगळ्यांना माहीत असतो. पण गोल बुडाला चार टक्के धरण्याची चूक तिची होती, तिच्या एकटीची, आणि ती चूक या माणसाच्या तोंडातून पै-पैशासकट जशीच्या तशी बाहेर पडत होती. मास्तरांनी तो कागद पाहिला नव्हता. बँकेकडे असा कागद कधीच जात नाही. छापली एक प्रत, दिली एका हातात.

तिने दादाकडे पाहिलं. दादा खिडकीतून खाली उभ्या असलेल्या टेम्पोकडे फार लक्ष देऊन बघत होता.

"मास्तरांना एक विचारायचंय," ती उठली. "दादा, तू पण ये."

कापायच्या खोलीत मास्तर नव्हते, जेवायला गेले होते. लांब टेबलावर खडूची वर्तुळं आखलेलं कापड पसरलं होतं. धाकटीने दार लोटून घेतलं.

"तू त्याला माझा तक्ता दाखवलास."

दादाने नाही म्हटलं नाही. तेवढा तरी खोटेपणा त्याने टाळला, की त्याला खोटं बोलायचाही कंटाळा आला होता, देव जाणे. "दाखवला. त्यात काय एवढं? व्यवहारात थोडं उघडं व्हावं लागतं."

"आपल्याच पोटाचं माप दुसऱ्याला द्यायचं आणि वर म्हणायचं व्यवहार? तो आपल्याला नेमका किती दाबायचं ते कागदावर वाचून आलाय, दादा. तू त्याला लिहून दिलंस."

"कुणी मरत नाहीये. सव्वा लाख सुटतायत. बायांना काम मिळतंय. तुला तेच हवं होतं ना?"

"आणि तुला काय हवं होतं?"

दादाने कापडाच्या काठावरचा एक धागा ओढला, ओढत राहिला. "त्या कंपनीचं इथे ऑफिस उघडतंय. खरेदीचा प्रमुख हवाय. पगार आहे, गाडी आहे. मला पन्नाशी आली गं. सतरा वर्षं लोकांच्या दारात पिशव्या घेऊन उभा राहिलोय मी. तू इथे पंख्याखाली आकडे मांडतेस, दारं माझ्या तोंडावर बंद होतात. एकदा मलाही टेबलाच्या पलीकडे बसून बघायचंय."

"आणि ही ऑर्डर चार-पाचला मिळवून दिलीस तर ती खुर्ची मिळणार."

धागा तुटला, दादाने दुसरा पकडला.

राग तर आलाच होता, पण खरं सांगायचं तर त्या क्षणी धाकटीला रागापेक्षा एक वेडी आशा जास्त होती. दादाला माहीत नाहीये, तिला वाटलं. त्याने चूक केली, लालूच धरली, पण सव्वा लाख सुटतात असं समजून केली. भाऊ आहे, पोटात सुरी नाही मारणार. खरा आकडा कळला तर स्वतःच त्या अत्तराला जिन्यावरून खाली पाठवेल. तिने खिशातून शुक्रवारचा तक्ता काढला, कापडावर ठेवला आणि गोल बुडाचं सगळं सांगितलं. चौदा टक्के. दोन लाख सत्तर हजार. मग पेन घेऊन त्याच कागदाच्या पाठीवर चार-पाचचा हिशेब मांडला. एक्क्याऐंशी हजार डॉलर, एजंटचे पाच टक्के गेले की शहात्तर हजार नऊशे पन्नास. सदुसष्ट लाख पासष्ट हजार भागिले तेवढे.

"बरोबरीचा दर सत्त्याऐंशी एक्क्याण्णव. आज शहाऐंशी आहे. म्हणजे आजच्या दराने तोटा एक लाख सत्तेचाळीस हजार तीनशे. बँकेत तीन महिन्यांनंतरचा दर आज बांधून घ्यायचा म्हटलं तरी ते शहाऐंशी ऐंशीच्या वर देत नाहीत, मी शुक्रवारीच विचारलंय. तिथेही पंच्याऐंशी हजारांचा खड्डा. एवढा तोटा खाल्ला की बँक पुढच्या हंगामाला दारात उभं करणार नाही. कारखाना गेला, दादा."

दादाने कागद उचलला. पुढची बाजू वाचली, मागची वाचली, परत पुढची. आकडे त्याला कळत होते, तो कच्चा कधीच नव्हता. त्याने शिलाईची रक्कम, पट्ट्यांची रक्कम, सगळं बोटाने तपासलं. मग कागदाची नीट घडी घातली.

"हे चौदा टक्के त्याला सांगितलंस?"

"नाही."

"मग सांगू नकोस." त्याचा आवाज एकदम खाली आला, घरात आई झोपली असली की बोलायचा तसा. "सही कर. दर वर जाईलही. अठ्ठ्याऐंशी झाला तर सुटलीस. दोन महिन्यांत मी तिथे बसलो की पुढच्या ऑर्डरला भरून काढेन, शब्द देतो."

गुरुवारचा कागद दाखवला तेव्हा तो चुकला होता. आता चुकत नव्हता. आता सगळं वाचून, बोटाने तपासून, तोट्याचा आकडा डोळ्यांपुढे असताना तो तिला सही कर म्हणत होता. सुटलीस म्हणाला तो. आपण सुटलो असं म्हणाला नाही. कारखान्यातून तो केव्हाच निघून गेला होता, फक्त हिला आज कळलं.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली.

"ऑर्डर जाईल. बायांना काय सांगशील?"

"खरं सांगेन. तुझ्यासारखं गोड बोलायला मला येत नाही."

ती परत ऑफिसात गेली. एजंटला म्हणाली, चार वीसच्या खाली जमणार नाही. एजंटने हसून दादाकडे पाहिलं, दादाने नकारार्थी मान हलवली, आणि मग एजंटचं हसू थोडं कमी झालं. तयार कागद बॅगेत गेला. दादाही त्याच्याबरोबर गेला, छत्री इथेच विसरला, परत घ्यायला आला नाही.

संध्याकाळी तिने बायांना मशीनजवळ उभं करून सांगितलं की ऑर्डर गेली. का गेली तेही सांगितलं, भावाचं नाव न घेता. पण बाया काय दुधखुळ्या नव्हत्या. सगळ्यांत म्हातारी होती ती म्हणाली, "धाकट्या बाई, घरचा भेदी असला की कुलूप काय कामाचं?" कुणी हसलं नाही. पुढच्या आठवड्यात दोघी दुसरीकडे लागल्या, मग अजून तिघी.

पहिल्या तारखेला दादाने नोकरी धरली. भागीदारीतून मोकळा झाल्याचा कागद वकिलाकडून आला, दादा स्वतः आला नाही. आता ऑर्डरवर सही एकटीची पुरणार होती. आईने विचारलं तेव्हा धाकटीने सांगितलं की दादाला मोठी जागा मिळाली. आईने आनंदाने डोळे पुसले. तिचं सुख मोडायला धाकटीची जीभ रेटली नाही.

नोकरीला दीड महिना होतो न होतो तोच पत्र आलं. तीच कंपनी, तीच गोल बुडाची पिशवी, तेच वीस हजार. एजंटचे पाच टक्के तसेच. किंमत चार डॉलर चौदा सेंट. मान्य नसल्यास वर्षभर परत विचारणा होणार नाही, दोन दिवसांत कळवावे. पुढे एक ओळ होती: 'वरील किंमत ठरवताना आम्ही कापडाची चौदा टक्के तूट, शिलाई अठ्ठ्याहत्तर रुपये व पट्टे-बकल बेचाळीस रुपये प्रति पिशवी विचारात घेतले आहे.' खाली खरेदी प्रमुख म्हणून दादाची सही.

धाकटीने पत्र दोनदा वाचलं. चौदा टक्के. हे तर त्याला दुसऱ्या कुणीच सांगितलं नव्हतं. तिनेच सांगितलं होतं, कापायच्या खोलीत, दार लोटून, तो आपला आहे असं समजून. घडी घालून तो कागद त्याने नेला होता. तिला त्या दिवशी परत मागायचंही सुचलं नव्हतं.

तिने हिशेब मांडला. ब्याऐंशी हजार आठशे डॉलर, पाच टक्के गेले की अठ्ठ्याहत्तर हजार सहाशे साठ. बरोबरीचा दर बरोब्बर शहाऐंशी. त्या दिवशी बाजारात शहाऐंशी पन्नास होता. त्या दराने सुटणार एकोणचाळीस हजार नव्वद, पिशवीमागे दोन रुपयेही नाहीत. कुणी परका असता तर इतका नेमका बसला नसता. परका थोडा जास्त देतो किंवा थोडा कमी, त्याला आपला तळ कुठे आहे ते माहीत नसतं.

मास्तर दारात उभे होते. मागे बावीस मशीन, त्यातल्या चार चालू.

"परवडतंय का?" त्यांनी विचारलं.

"बुडत नाही."

"मग आपण कमावतो का?"

"तेही नाही. त्याने मोजून दिलंय, मास्तर. मरणार नाही आणि जगणारही नाही, एवढंच."

मास्तर दारातून आत आले. "लहानपणी," ते म्हणाले, "तुमच्या ताटातलं तो कधी खायचा नाही."

धाकटीला तेव्हा रडू आलं. ऑर्डर गेली तेव्हा आलं नव्हतं, वकिलाचा कागद आला तेव्हा आलं नव्हतं. ती टेबलावर डोकं ठेवून रडली आणि मास्तर तोंड फिरवून बायांना उगाच ओरडायला लागले. मग तिने डोळे पुसले, बँकेला फोन लावला आणि तीन महिन्यांनंतरचा दर विचारला. शहाऐंशी नव्वद म्हणाले. म्हणजे सत्तर हजार तरी पक्के, दर घसरला तरी पक्के. तिने सगळे डॉलर त्या दराला बांधून टाकायला सांगितले. कागदावर एकटीने सही केली आणि उरलेल्या बायांना उद्यापासून पूर्ण दिवस यायला सांगायला बाहेर गेली.